फोकस मोड लावूनही फोन हातात राहतोच, तर नक्की कुठे गळतंय?

प्रश्न: दादा, मी इंदूरला राहते, नीटसाठी ड्रॉप घेतलाय. सकाळी कोचिंग, दुपारी दोन ते रात्री नऊ भंवरकुआंला लायब्ररीत बसते. अँड्रॉइड फोन आहे, फोकस मोडमध्ये इन्स्टाग्राम आणि यूट्यूब टाकलंय तरी तास-दीड तास जातोच. सगळं बंद करून फक्त अभ्यासाची ॲप्स चालू ठेवता येतात का? अडचण अशी की क्लासचे व्हिडिओ यूट्यूबवर आणि नोट्स व्हॉट्सॲपवर येतात.

उत्तर:

येतात, पण एका बटणात नाही, आणि तुझा खरा गुंता तू शेवटच्या वाक्यात लिहिलायस तोच आहे. मी बरीच वर्षं अँड्रॉइड ॲप्स बनवण्याच्या कामात आहे, त्यामुळे ओळखीतल्या, बिल्डिंगमधल्या कोचिंगच्या पोरांचे फोन सेट करायला माझ्याकडेच येतात. जवळजवळ प्रत्येकाच्या फोनमध्ये फोकस मोड आधीपासून चालूच असतो, आणि वेळ दुसऱ्याच दाराने जात असतो.

आधी हा मोड आत काय करतो ते बघ, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. Settings मध्ये Digital Wellbeing & parental controls, त्यात Focus mode. तिथे तू ज्या ॲपवर टिक करतेस ते ॲप सिस्टिम चक्क निलंबित करते. आयकॉन करडा पडतो, नोटिफिकेशन दिसत नाही, ॲप उघडायला गेलीस की ॲपच्या जागी सूचना येते. ॲप काढलं जात नाही, डेटा जात नाही, लॉगिनही तसंच राहतं. पण निलंबित ॲपला फोन वाजवताही येत नाही, म्हणजे व्हॉट्सॲप थांबवलंस तर आईचा व्हॉट्सॲप कॉल आलेला तुला कळणारच नाही. साधा सिमवरचा कॉल मात्र येतो, कारण डायलरला सिस्टिम कधीच निलंबित होऊ देत नाही. म्हणून पहिलं काम फोनमधलं नाहीच, घरी सांगून ठेवायचं की दोन ते नऊमध्ये साधा फोन करा. हे सांगितलं नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरचे घाबरतात, आणि मग पोरं व्हॉट्सॲप यादीतून काढतात ते कायमचंच.

आता महत्त्वाचं. गूगलच्या या मोडचा नियम उलटा आहे, टिक केलेली ॲप्स थांबतात, बाकी सगळी मोकळी. तू दोन थांबवलीस, म्हणजे बाकीची सगळी उघडीच आहेत. तुला हवंय त्याच्या बरोबर उलटं, बाकी सगळं बंद आणि निवडलेलं चालू. तर यादी उलटी भरायची. कोणती ॲप्स त्रास देतात ते आठवत बसू नकोस, आधी कागदावर लिही की दुपारी दोननंतर लायब्ररीत तुला खरोखर काय लागतं, आणि ते सोडून जे जे यादीत दिसेल त्या प्रत्येकावर टिक कर. कंटाळवाणं काम आहे, दहा मिनिटं जातात, पण एकदाच करायचं असतं.

तुझ्यासारख्याच वेळापत्रकाच्या माझ्या भाचीच्या फोनवर, ती सुदामा नगरहून येते, मोकळी राहिलेली ॲप्स अशी होती: कोचिंगचं ॲप, फाइल्स, पीडीएफ वाचायचं ॲप, कॅल्क्युलेटर, घड्याळ, मेसेजेस, यूपीआयचं एक ॲप आणि मॅप्स. मेसेजेस राहू दिलं कारण ओटीपी तिथेच येतात, यूपीआय राहू दिलं कारण खाली चहा-पोह्याच्या ठेल्यावर हल्ली सुट्टे कुणाकडे नसतात, आणि पैसे द्यायला म्हणून सगळा मोड बंद केला की तो परत चालू होत नाही हे मी खूपदा बघितलंय. मॅप्स आणि यूपीआय थांबवून काही फायदाही नाही, त्यात कुणी तासभर रमत नाही. गॅलरीवर मात्र टिक केली. ऐकून विचित्र वाटेल, पण जुने फोटो बघण्यात पोरींचा किती वेळ जातो ते त्यांनाही माहीत नसतं. गेम्स, शॉपिंगची ॲप्स, क्रिकेटच्या स्कोअरचं ॲप, बातम्यांची ॲप्स, सगळ्यांवर टिक.

या उलट्या यादीत एक भोक राहतं. नंतर टाकलेलं नवीन ॲप यादीत आपोआप येत नाही, ते मोकळंच असतं. म्हणजे इन्स्टाग्राम थांबवलं आणि कंटाळून त्याच्यासारखंच दुसरं काहीतरी प्ले स्टोअरवरून टाकलं, तर फोकस मोडला त्याचा पत्ताच नाही. त्यामुळे आठवड्यातून एकदा, रविवारी समज, यादी उघडून नवीन काय आलंय ते बघायचं आणि टिक करायची.

आता ब्राउझर. तू लिहिलंयस तास-दीड तास जातोच, माझा अंदाज आहे की त्यातला बराचसा इथेच जातो, पण अंदाजावर जायची गरज नाही, फोनच सांगतो. Digital Wellbeing मध्येच वरचा गोल चार्ट दाबला की डॅशबोर्ड उघडतो, तिथे दिवसवार आणि ॲपवार वेळ दिसतो. फोकस मोड लावण्याआधीचा एक दिवस आणि आत्ताचा एक दिवस शेजारी-शेजारी बघ. यूट्यूब आणि इन्स्टाग्रामचा वेळ कमी झाला आणि तेवढाच क्रोमचा वाढला, तर समजून घे. यूट्यूबचं ॲप थांबवलं तरी क्रोममध्ये m.youtube.com आरामात उघडतं, इन्स्टाग्रामही उघडतं, फोकस मोड ॲप थांबवतो, वेबसाइट नाही. भाचीच्या फोनवर अगदी हेच दिसलं होतं, यूट्यूब जवळजवळ शून्य आणि क्रोम इतकं लांब की त्याने सगळी कसर भरून काढली होती. ती म्हणाली मी तर फक्त डाउट शोधत होते, आणि ते खरंही होतं, सुरुवात डाउटनेच व्हायची.

क्रोमसाठी डॅशबोर्डमध्ये एकेका साइटला टायमर लावता येतो, क्रोमवर जाऊन साइट्स दाखव म्हटलं की यादी येते. पण तो टायमर दिवसभराचा असतो, मध्यरात्री परत शून्यावर येतो, त्याला दोन ते नऊ असं काही कळत नाही. अर्धा तास दिलास तर तो अर्धा तास तू लायब्ररीतच संपवणार. म्हणून मी वेगळं करतो. क्रोमवर सरळ टिक, गूगलच्या ॲपवरही टिक, कारण होम स्क्रीनवरच्या सर्चच्या पट्टीतूनही पानं उघडतात आणि त्यातलं बातम्यांचं फीड म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. फोनबरोबर आलेला कंपनीचा ब्राउझर असेल तर त्यावरही. आणि डाउट शोधायला, कोचिंगची टेस्ट वेबसाइटवर असेल तर त्याला, फायरफॉक्स टाकायचं, फक्त अभ्यासासाठी, त्यात कुठलंही लॉगिन करायचं नाही, पासवर्ड सेव्ह करायचा नाही. फायरफॉक्सच्या मोबाइल आवृत्तीत एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरच्या आत बसवायचे छोटे प्रोग्रॅम, चालतात म्हणून ते. त्यात LeechBlock NG नावाचं फुकटचं एक्स्टेन्शन आहे, त्याच्या पहिल्या ब्लॉक सेटमध्ये एका ओळीत एक अशा साइट्स टाकायच्या:

```
m.youtube.com
www.youtube.com
www.instagram.com
www.facebook.com
m.facebook.com
x.com
www.reddit.com
```

आणि वेळेच्या रकान्यात:

```
1400-2100
```

खाली वार निवडायचे, सेव्ह करायचं. m.youtube.com वेगळं लिहिलंय कारण मोबाइलवर यूट्यूब त्याच पत्त्यावर उघडतं, नुसता डेस्कटॉपचा पत्ता टाकून काम झालं असं समजू नकोस. लावल्यावर दोननंतर एकदा स्वतः उघडून बघ, ब्लॉकचं पान यायला हवं. दोनच्या आधी उघडलं तर अर्थात साइट उघडणारच, तिथे गोंधळू नकोस.

आता तुझा खरा प्रश्न, क्लासचे व्हिडिओ यूट्यूबवर. इथे सरळ सांगतो, फोकस मोडमध्ये यूट्यूबचं एकच चॅनल चालू ठेव आणि बाकी बंद कर असं होत नाही. ॲप चालू तर सगळं चालू. यूट्यूबमध्ये डाउनलोड करून ठेवलेला व्हिडिओसुद्धा त्याच ॲपच्या आत असतो, ॲप थांबलं की तोही थांबला. सरांनी व्हॉट्सॲपवर टाकलेल्या यूट्यूबच्या लिंकवर टॅप केलंस तरी तीच सूचना येईल. कोचिंगच्या ॲपमध्येच आत प्लेअर असेल तर तो बहुतेक वेळा चालतो, कारण तो यूट्यूबचं ॲप उघडत नाही, आपल्याच पानात व्हिडिओ दाखवतो. तुझ्या कोचिंगच्या ॲपचं काय होतं ते एकदा यूट्यूब थांबवून एक लेक्चर लावून बघ, दोन मिनिटांत कळेल.

तसं नसेल तर माझं मत असं की व्हिडिओची वेळच लायब्ररीच्या वेळेतून बाहेर काढ. कोचिंग सुटल्यावर घरी जेवण होतं तेव्हा, किंवा रात्री नऊनंतर, लॅपटॉप किंवा टीव्हीवर बघ, आणि लायब्ररीत फक्त प्रश्न सोडवणं, एनसीईआरटी, रिव्हिजन. नाहीतरी सात तास बसून त्यातले तीन लेक्चर बघण्यात जात असतील तर लायब्ररीची फी कशाला भरतेस. आणि व्हिडिओसाठी एक वेगळं गूगल अकाउंट कर, त्यात पहिल्या दिवसापासून यूट्यूबची वॉच हिस्टरी बंद ठेव. 2023 पासून यूट्यूबने असं केलंय की हिस्टरी बंद असेल आणि आधीचं फारसं काही बघितलेलं नसेल तर होम पेज रिकामं येतं, नुसती सर्चची पट्टी. सरांचं चॅनल शोधायचं, लेक्चर लावायचं. व्हिडिओच्या खाली सुचवलेले व्हिडिओ येतात ते येतातच, ते काही जात नाहीत, पण ॲप उघडल्या-उघडल्या समोर पंगत मांडलेली नसते एवढं तरी होतं.

व्हॉट्सॲपच्या नोट्सचं त्यामानाने सोपं आहे. दोनच्या आधी ग्रुप उघड, त्या दिवसाची पीडीएफ उघडून ड्राइव्हमध्ये किंवा फाइल्समध्ये वेगळ्या फोल्डरला सेव्ह कर, विषयाचं नाव आणि तारीख टाकून. मग व्हॉट्सॲपवर निर्धास्त टिक. मेसेज हरवत नाहीत, मोड संपला की सगळे एकदम येतात. ग्रुपवर दुपारी चारला काहीतरी पडलं आणि तुला रात्री नऊला दिसलं तर काय बिघडतं, ते बघ. क्वचित टेस्टची वेळ बदलली असा मेसेज असतो, त्यासाठी एखाद्या मैत्रिणीला सांगून ठेव की असं काही असेल तर कॉल कर. आणि लॅपटॉप बरोबर नेत असशील तर त्यावरचं व्हॉट्सॲप लॉगआउट कर, लिंक केलेलं डिव्हाइस फोनच्या भरवशावर नसतं, फोनवर थांबवलं तरी तिकडे चालूच राहतं. टेलिग्रामचंही तेच.

आता वेळ लावणं. Focus mode च्या पानावरच शेड्यूल आहे, त्यात सुरुवात, शेवट आणि वार. एकच पट्टा लावता येतो, सकाळचा वेगळा आणि रात्रीचा वेगळा असे दोन नाहीत, म्हणून पोरं सकाळी सात ते रात्री अकरा असा भलामोठा लावतात आणि तिथेच फसतात, इतका लांब पट्टा कुणी पाळत नाही, पहिल्याच दिवशी मोडतं आणि मग रोज मोडतं. तू दोन ते नऊच ठेव, सोमवार ते शनिवार. सुरुवात हवी तर पावणेदोन कर, म्हणजे बसायच्या आधीच फोन थांबलेला असेल, नाहीतर दोनला पाच कमी असताना उघडलेलं रील दोनला अर्धवट तुटतं आणि ते पूर्ण करायची फार खुमखुमी येते.

चहाच्या सुट्टीसाठी Take a break आहे, 5, 15 किंवा 30 मिनिटं. त्याची खासियत ही की वेळ संपली की मोड आपोआप परत लागतो. तू ब्रेक न घेता मोडच बंद करतेस तेव्हा तो शेड्यूलच्या पुढच्या वेळेपर्यंत, म्हणजे उद्या दोनपर्यंत बंदच राहतो. माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त दिवस असे वाया जातात, पाच मिनिटांसाठी बंद केला आणि दिवस गेला. त्यामुळे नियम एकच, बंद करायचं नाही, ब्रेक घ्यायचा. पाच वाजता 15 मिनिटांचा एक ठेव आणि सात-साडेसातला एक. थांबवलेल्या ॲपवर टॅप केलं की काही फोनवर ते ॲप पाच मिनिटं वापरू का असं विचारलं जातं, ते मात्र वाईट आहे, पाचाचे पाच-पाच होत जातात. त्यासाठी थांबवलेल्या ॲप्सचे आयकॉन होम स्क्रीनवरून काढून टाक, करडा आयकॉन समोर दिसला की बोट जातंच. आणि वरून खाली ओढल्यावर जे बटणांचं पॅनल येतं त्यात Focus mode चं बटण असेल तर पेन्सिलचं चिन्ह दाबून ते तिथून खाली ओढून टाक. एका टॅपवर मोडता येतंय ते चार टॅपवर नेलं की फरक पडतो, गंमत वाटेल पण पडतो.

कधी असंही होतं की शेड्यूल लावलंय आणि मोड लागतच नाही. काही फोन बॅटरी वाचवायच्या नादात मागे चालणाऱ्या सेवा मारून टाकतात. तपासायचं कसं, तर शेड्यूलची सुरुवात आत्तापासून दोन-तीन मिनिटं पुढची लाव, फोन लॉक करून बाजूला ठेव, मग उघडून बघ आयकॉन करडे झालेत का. नसतील तर Digital Wellbeing च्या ॲप इन्फोमध्ये जाऊन बॅटरीचं बंधन काढ आणि परत तपास. होम स्क्रीनसाठी बाहेरचा लाँचर वापरत असशील तर आयकॉन करडे दिसतीलच असं नाही, ॲप उघडून बघ.

सॅमसंगचा फोन असेल तर रस्ता थोडा वेगळा, तिथे Modes and Routines मध्ये स्वतःचा मोड बनवता येतो, त्यात ॲप वापरावर बंधन घालायचा पर्याय असतो, आणि एकापेक्षा जास्त मोड बनवता येतात म्हणून सकाळ-संध्याकाळ वेगळी ठेवता येते. आयफोन असलेल्या मैत्रिणीला सांगायचं झालं तर तिथला Focus फक्त नोटिफिकेशन गप्प करतो, ॲप उघडायला अडवत नाही, तिला Screen Time मधलं Downtime लावावं लागेल आणि Always Allowed मध्ये मोजकी ॲप्स ठेवावी लागतील. त्याला पासकोड लावता येतो, तो घरच्या कुणीतरी टाकावा.

अँड्रॉइडच्या फोकस मोडला असा पासकोड नाही. ज्याने लावला तो काढू शकतो, त्यामुळे हे कुलूप म्हणून विकत असतील त्यांचं ऐकू नकोस. लहान मुलांसाठी Family Link आहे, त्यात किल्ली आई-बाबांच्या फोनमध्ये असते, पण तू ड्रॉपर आहेस, तुझ्या वयाला ते लावायच्या फंदात मी पडत नाही, घरात रोज भांडणं होतात आणि पोरं दुसरा जुना फोन शोधून काढतात. तुला किल्ली बाहेर द्यायचीच असेल तर इन्स्टाग्रामचा पासवर्ड बदलून ताईकडे दे आणि फोनवरून लॉगआउट हो, रविवारी तिच्याकडून घे. हे कुठल्याही सेटिंगपेक्षा घट्ट बसतं, आणि फायरफॉक्समधून इन्स्टाग्राम उघडायचं भोकही त्यानेच बुजतं.

पहिला आठवडा झाला की शनिवारी रात्री डॅशबोर्ड उघड आणि वर कोणतं ॲप आलंय ते बघ. अनलॉक किती वेळा केलास तो आकडाही तिथेच असतो. स्क्रीनचा वेळ कमी झाला पण अनलॉक तेवढेच राहिले, तर तू उगाच उघडून करडे आयकॉन बघून परत ठेवतेयस, तेव्हा लायब्ररीत फोन टेबलावर न ठेवता बॅगेत टाक. वर एखादं अनोळखी ॲप आलं असेल तर ते यादीत टाक. कोचिंगचं ॲपच वर आलं असेल तर आत काय चाललंय ते स्वतःलाच विचार, हल्ली त्यांच्याही ॲपमध्ये छोट्या व्हिडिओंचं फीड आणि चर्चेचे ग्रुप असतात. रविवारच्या मॉक टेस्टला शेड्यूल नसलं तरी मोड हाताने लाव, नीटचा पेपर दुपारी दोनलाच असतो, तर त्या वेळेला फोन थांबलेला असण्याची सवय तशीही लागेल. फक्त टेस्ट ज्या ॲपवर किंवा ब्राउझरवर द्यायची त्यावर चुकून टिक नाही ना, ते आदल्या रात्री बघून ठेव.